धागा : नववीतली मुलं दहा मिनिटांनंतर पान सोडतात. यात रील्सचा दोष किती आणि वाचनाचा किती?

पानखूण

मी तालुक्याच्या एका शाळेत ग्रंथपाल आहे. नववीला आठवड्यातून एक मूकवाचनाचा तास असतो. सगळ्यांच्या हाती एकच छापील मजकूर देते. या वेळचा मजकूर कोयनानगरच्या 1967 च्या भूकंपावरचा होता. सहा पानं, साधारण 2400 शब्द.

वीस मिनिटांच्या वाचनात दर पाच मिनिटांनी घंटी वाजवते. घंटी झाली की मुलांनी नजर ज्या ओळीवर असेल तिथे पेन्सिलीने रेघ मारायची. त्या क्षणी मन भलतीकडे असेल तर रेघेशेजारी फुली करायची. फुलीला गुण नाहीत आणि शिक्षाही नाही, हे आधीच सांगितलेलं असतं. शेवटी आठ प्रश्न. पहिल्या 300 शब्दांवर एक, पुढच्या 300 वर दुसरा, असे शेवटपर्यंत.

तीन मुलांचे आकडे देते, कारण ते एकमेकांपासून फार वेगळे आहेत. प्रत्येक पाच मिनिटांत किती शब्द पुढे गेले, ते असं :

क : 610, 580, 240, 110. तिसऱ्या आणि चौथ्या घंटीला फुली. पहिल्या चार प्रश्नांची उत्तरं बरोबर, पाचवं चूक, पुढचे भाग वाचलेच नाहीत.

ख : 310, 300, 295, 290. एकही फुली नाही. वाचलेल्या भागावरच्या चारपैकी तीन प्रश्नांची उत्तरं बरोबर.

ग : 690, 720, 850, उरलेले 140. मजकूर संपवून बसला. फुली नाही. आठपैकी दोनच उत्तरं बरोबर.

शिक्षकांच्या खोलीत तिघांबद्दलही एकच वाक्य ऐकू येतं, "दिवसभर रील्स बघतात, लक्ष कुठून लागणार?" मला ते पटत नाही, पण खोडूनही काढता येत नाही. या आकड्यांवरून नेमकं काय कळतं? आणि पुढे काय करावं?

सोनचाफा

ताई, यात शोधण्यासारखं फार काही नाही. माणसाचं लक्ष आता आठ सेकंदांवर आलंय, गोल्डफिशपेक्षाही कमी. मुलांचं तर त्याहून वाईट. पंधरा सेकंदांच्या व्हिडिओवर वाढलेलं पोर सहा पानं कसं वाचेल? फोन काढून घ्या, महिन्याभरात फरक दिसेल.

तारतम्य

सोनचाफा, तो आठ सेकंदांचा आकडा सोडून द्या. 2015 मध्ये मायक्रोसॉफ्टच्या कॅनडातल्या शाखेने जाहिरातदारांसाठी एक अहवाल काढला होता, त्यातून तो जगभर पसरला. अहवालात ज्या संकेतस्थळाचा हवाला होता, तिथे मागोवा घेत गेल्यावर त्या आकड्यामागचं कुठलंही संशोधन सापडलं नाही. गोल्डफिशचं लक्ष असं कुणी मोजलेलंही नाही.

47 सेकंदांचाही एक आकडा फिरतो, तो मात्र खऱ्या मोजमापातून आलाय. संशोधक ग्लोरिया मार्क यांनी संगणकावर काम करणाऱ्या माणसांचं निरीक्षण केलं. 2004 मध्ये एका पडद्यावर सरासरी अडीच मिनिटं टिकणारं लक्ष अलीकडच्या वर्षांत 47 सेकंदांवर आलेलं दिसलं. पण ती माणसं प्रौढ होती, पडद्यासमोर होती, आणि मोजलं गेलं ते पडदा बदलण्याआधीचा वेळ. माणूस 47 सेकंदांपेक्षा जास्त लक्ष देऊच शकत नाही, असा त्याचा अर्थ होत नाही. हीच मुलं क्रिकेटचा सामना तीन तास बघतात.

तुमचा मुद्दा सगळा चुकीचा आहे असं मी म्हणत नाही. फक्त तो या दोन आकड्यांवर उभा करू नका.

अर्धविराम

पानखूणताई, तुम्ही केलेली नोंद फार मोलाची आहे, कारण तिघांची अडचण वेगळी आहे हे त्यात सरळ दिसतं. मी वाचनात मागे पडणाऱ्या मुलांसोबत काम करतो, म्हणून क्रमाने सांगतो.

आधी "ख" कडे बघा. तिचा वेग कमी आहे, पण तो पडत नाही. 310 पासून 290. ज्याचं लक्ष सुटतं त्याचा वेग असा सपाट राहत नाही, तो मध्येच कोसळतो. ही मुलगी वीस मिनिटं मन लावून वाचत होती. मिनिटाला साठेक शब्द म्हणजे नववीसाठी खूपच कमी, आणि त्याचं कारण बहुधा अक्षरं जुळवण्यात आहे. तिला उद्या एक अनोळखी उतारा मोठ्याने एक मिनिट वाचायला लावा. किती शब्द झाले, किती चुकले, आणि कुठे चुकले ते लिहून ठेवा. विशेषतः जोडाक्षरं ऐका. मग तो आकडा तिच्या मूकवाचनाच्या वेगाशेजारी ठेवा. सराईत वाचक मनात वाचतो तेव्हा मोठ्याने वाचण्यापेक्षा वेगात जातो. दोन्ही आकडे सारखे आले, तर मुलगी मनातही अक्षरन् अक्षर उच्चारत वाचतेय असं समजा. ओठ हलतात का तेही बघा.

आता "ग". त्याचा वेग वाढत गेला आणि समज घटत गेली. नजर ओळींवरून धावते, पानं उलटतात, आत काही उतरत नाही. फुली नाही याचं आश्चर्य वाटू देऊ नका. मन भटकलंय हे भटकताना कळतच नाही, तीच तर त्यातली अडचण आहे. अशा मुलाला तोच मजकूर कुणीतरी वाचून दाखवावा आणि मग प्रश्न विचारावेत. ऐकून उत्तरं आली तर विषय आणि भाषा त्याच्या आवाक्यात आहे, वाचण्याची रीत बिघडलीय. ऐकूनही आली नाहीत तर शब्दसंपत्ती किंवा पूर्वज्ञान कमी पडतंय. भूकंपाच्या मजकुरात "भ्रंश" किंवा "प्रस्तर" असे शब्द आले असतील तर हे सहज होतं.

लक्ष टिकण्याचा प्रश्न तिघांपैकी खरा दिसतो तो "क" चा. दहा मिनिटं उत्तम, मग घसरण, फुल्याही तिथेच, आणि पाचवं उत्तर चुकलं तेही 1200 शब्दांपुढचं, म्हणजे दुसरी घंटी झाल्यानंतरच्या भागातलं. सगळे पुरावे एकाच जागी बोट दाखवतात.

कोल्हापुरी_मास्तर

अर्धविराम यांचं निदान मान्य. पण मुळातच एक गोष्ट कुणी बोलत नाही. आपण या मुलांना सलग सहा पानं वाचायला कधी देतो? दहावीच्या मराठीच्या कृतिपत्रिकेतला उतारा एका पानाच्या आत संपतो. त्याखाली आकृत्या, चौकटी, जोड्या. मुलं आधी कृती वाचतात, मग उताऱ्यात तो शब्द हुडकतात. गुण मिळतात. इतर विषयांत धडा कोण वाचतो? गाइड आणि अपेक्षित प्रश्नांचे संच. म्हणजे "ग" जे करतोय ते त्याला शाळेने नीट शिकवलंय : नजर फिरव, ठळक शब्द उचल, पुढे जा.

रील्स भारतात घरोघरी पोचल्या त्या गेल्या काही वर्षांत. गाइड त्याच्या कितीतरी आधीपासून आहेत. जे कधी शिकवलंच नाही ते हरवलं म्हणून फोनला दोष देणं मला अन्यायाचं वाटतं.

रानजाई

मास्तरांना अनुमोदन. आमच्याकडे तर शिक्षकच धड्याची पीडीएफ व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवतात आणि मुलांनी फोनवर वाचावं अशी अपेक्षा असते. ज्या फोनवर रील्स येतात त्याच फोनवर धडा.

तारतम्य

रानजाई, या मुद्द्याला आधार आहे. कागद आणि पडदा यांची तुलना करणाऱ्या 54 अभ्यासांचा एकत्रित आढावा 2018 मध्ये निघाला होता. वाचक एकूण 1,70,000 च्या वर. माहितीपर मजकूर कागदावर जास्त समजतो, आणि वेळेचं बंधन असेल तर फरक आणखी वाढतो असं दिसलं. गोष्टीच्या वाचनात मात्र फरक आढळला नाही. फरक फार मोठा नाही, पण धडा हा माहितीपर मजकूरच असतो. तेव्हा निदान लांब धड्याची छापील प्रत हातात द्यावी.

हडसनकाठ

आम्ही न्यू जर्सीत असतो. मुलगा 13 वर्षांचा आहे, मराठी शाळेत जातो. मराठीची दोन पानं वाचायला अर्धा तास लागतो, मध्ये चार वेळा उठतो. शॉर्ट्स मात्र तासभर बघतो. पानखूणताईंची घंटीची चाचणी त्याला लावून पाहावी का?

अर्धविराम

लावा, पण आधी इंग्रजी मजकुरावर. तो शाळेत रोज जी लिपी वाचतो ती इंग्रजी. तिथे वीस मिनिटं वेग आणि समज टिकत असेल, तर मराठीत उठणं हा लक्षाचा दोष नाही. देवनागरी अजून हाताखाली आलेली नाही, म्हणून प्रत्येक ओळीला दम लागतो, आणि दमलेलं मूल उठतं. त्याला मराठीत सहा पानांऐवजी अर्धं पान द्या, पण तेच अर्धं पान चार दिवस मोठ्याने वाचून घ्या. इंग्रजीतही दहाव्या मिनिटाला वेग पडला तर मग या धाग्यावर परत या.

सोनचाफा

आठ सेकंदांचं मागे घेते, माहिती नव्हती. पण मग रील्सचा काहीच परिणाम नाही असं म्हणायचंय का सगळ्यांना? आईबापांना डोळ्यांनी दिसतं की मूल पुस्तक उघडतं, दोन मिनिटांत मिटतं आणि फोन उचलतं.

अर्धविराम

नाही, परिणाम आहे असंच मला वाटतं. पण तो कुठे होतो हे नीट पाहायला हवं.

शॉर्ट व्हिडिओच्या फीडमध्ये मूल बघण्याबरोबर आणखी एक काम सतत करत असतं : हे ठेवू की सोडू? दर काही सेकंदांनी निवाडा. सोडण्याची किंमत शून्य, अंगठा वर सरकवला की झालं, आणि पुढच्या वेळी काहीतरी नवं मिळण्याची शक्यता नेहमीच असते. कधी ते भिकार निघतं, कधी फार मजेचं. नेमकं कधी काय येईल हे माहीत नसल्यामुळेच हात थांबत नाही. दिवसाला दीडशे-दोनशे वेळा हा निवाडा केला की त्याची सवय जडते.

लांब मजकूर याच्या अगदी उलट चालतो. पानखूणताईंच्या मजकुरात पहिल्या दोन पानांत धरण कुठे, गाव कुठे, जमीन कशी, एवढंच असणार. 11 डिसेंबरची पहाट तिसऱ्या-चौथ्या पानावर येणार. वाचणाऱ्याने आधी गुंतवायचं आणि फळ नंतर घ्यायचं. ज्याला लवकर निवाडा करायची सवय आहे तो फळ यायच्या आधीच निकाल देतो, "कंटाळवाणं आहे". त्याची लक्ष देण्याची ताकद झिजलेली नसते. त्याचा निकाल फार लवकर लागतो. म्हणूनच हेच मूल तीन तास सामना बघू शकतं, तारतम्य म्हणाले तसं. तिथे दर चेंडूला काहीतरी घडतं.

पुस्तक मिटून फोन उचलणारं मूल तुम्ही पाहता ते हेच. फोन वाजला म्हणून ते उठत नाही. स्वतःच स्वतःचं वाचन तोडतं.

तारतम्य

अर्धविराम यांची मांडणी पटण्यासारखी आहे, पण ती सिद्ध झालीय असं कुणी समजू नये. थेट पुरावा किती आहे ते सांगतो.

2023 मध्ये जर्मनीतल्या संशोधकांनी 60 जणांवर प्रयोग केला. एक काम चालू असताना मध्ये छोटी सुट्टी दिली. सुट्टीत कुणी टिकटॉक पाहिलं, कुणी ट्विटर, कुणी यूट्यूबचा लांब व्हिडिओ, कुणी नुसतं बसलं. नंतर जे लक्षात ठेवून करायचं होतं, ते करण्यात टिकटॉकवाल्यांचीच कामगिरी ठळकपणे घसरली. म्हणजे तासाभराच्या आतला परिणाम दिसतो. पण ते प्रौढ होते, आणि काम लांब वाचनाचं नव्हतं.

दुसरा अभ्यास 2018 चा, लॉस एंजेलिसच्या शाळांतला. 15-16 वर्षांची 2587 मुलं, सुरुवातीला ज्यांच्यात अवधानाच्या विकाराची लक्षणं नव्हती, त्यांना दोन वर्षं तपासत राहिले. डिजिटल माध्यमांचा वापर जास्त असलेल्यांत पुढे लक्षणं थोडी जास्त दिसली. "थोडी" हा शब्द महत्त्वाचा. वापरामुळे लक्षणं आली, की चंचल स्वभावाची मुलं फोनकडे जास्त ओढली गेली, हे त्यातून ठरत नाही. शिवाय तेव्हा आजच्यासारखी फीड नव्हती.

कोल्हापुरी_मास्तर

आणि "असर" या शैक्षणिक पाहणीचा 2023 चा अहवालही इथे ठेवा. ग्रामीण भागातल्या 14 ते 18 वयोगटातल्या साधारण चारपैकी एका मुलाला आपल्या भाषेतला दुसरीच्या पातळीचा मजकूर सफाईने वाचता येत नाही. म्हणजे वर्गात "ख" सारखी कितीतरी मुलं बसलेली असतात. त्यांना आपण चंचल म्हणतो.

पानखूण

अर्धविराम सर, तुम्ही सांगितलेल्या चाचण्या केल्या.

"ख" ने मिनिटात 64 शब्द वाचले, त्यांत 9 चुका. सात जोडाक्षरांच्या. "प्रस्तर" चं "परस्तर", "उद्ध्वस्त" पाशी थांबली ती तीन प्रयत्नांनंतर पुढे गेली. मूकवाचनाचा वेग 60 च्या आसपास, म्हणजे दोन्ही सारखेच. ओठ हलतात. "क" ने 118 शब्द वाचले, 2 चुका. "ग" ने 131, एक चूक. "ग" ला मजकूर वाचून दाखवल्यावर आठपैकी सहा उत्तरं बरोबर आली.

आणखी एक सांगते. पालकांच्या संमतीने फोनमधला वापराचा तक्ता पाहिला. "क" च्या फोनवर रोज साधारण दोन तास रील्स आणि शॉर्ट्स. "ग" तासाभराच्या आत. "ख" कडे स्वतःचा फोनच नाही, घरात एकच आहे आणि तो वडिलांकडे असतो. वर्गात सगळ्यांत जास्त बोलणी तिला बसतात.

तारतम्य

ही शेवटची ओळ वाचून वाईट वाटलं. तीन मुलांवरून नियम काढता येत नाही, पण मोजल्याशिवाय दोष देऊ नये एवढं यातून नक्की कळतं.

अर्धविराम

आता तिघांना तीन वेगळ्या गोष्टी द्या. एकच उपक्रम तिघांवर चालवला तर दोघांचा वेळ जाईल.

"ख" ला लांब वाचन सध्या नको. शंभर शब्दांचा उतारा, रोज दहा मिनिटं. पहिल्यांदा तुम्ही वाचून दाखवा, मग तिने मोठ्याने तीन-चार वेळा वाचायचा. अडलेली जोडाक्षरं वहीत उतरवा आणि दुसऱ्या दिवशी आधी तीच वाचून घ्या. सफाई आली की नवा उतारा.

"ग" च्या मजकुरात दर 300 शब्दांनंतर समासात गोल करा. गोल आला की कागद पालथा घालायचा आणि आत्ताच वाचलेल्या भागातली एक गोष्ट, फक्त एकच ओळ, आठवून लिहायची. पाहून लिहिलं तर उपयोग नाही. आठवलं नाही तर मागे जाऊन वाचायचं. वेग आपोआप खाली येईल.

"क" साठी वेळ हळूहळू वाढवायचा. तिची घसरण दहा मिनिटांनंतर सुरू होते, म्हणून सुरुवात आठ मिनिटांपासून करा. घसरण सुरू व्हायच्या आत थांबणं महत्त्वाचं आहे, म्हणजे वाचन जमत असतानाच संपतं. पाच मिनिटं सुट्टी, पुन्हा आठ मिनिटं. ओळीने तीन वेळा फुली आली नाही तरच दोन मिनिटं वाढवायची. फुली आली तर तोच वेळ ठेवायचा, कमी करायचा नाही. सुट्टीत पाणी प्यायचं, जिना उतरायचा, खिडकीत उभं राहायचं. फोन अजिबात नाही. वर उल्लेख झालेल्या प्रयोगातून उचलण्यासारखी गोष्ट कुठली असेल तर ती हीच.

यात हमखास चूक होते ती दोन ठिकाणी. एक, घरचे उत्साहाने आठवरून थेट वीसवर जातात आणि मूल पुन्हा पहिल्या जागी येतं. दुसरी, मजकूर फार अवघड निवडतात. शंभर शब्दांत पाचाहून जास्त शब्द अनोळखी असतील तर तो सरावासाठी घेऊ नका. अडलेल्या शब्दाखाली रेघ मारून पुढे जायचं, अर्थ शोधायला फोन उघडायचा नाही.

सोनचाफा

वाचून झाल्यावर बक्षीस म्हणून वीस मिनिटं रील्स दिल्या तर? नाहीतर मूल आठ मिनिटंही बसणार नाही.

रानजाई

तसं केलं की मूल पान बघत नाही, घड्याळ बघतं. प्रत्येक ओळ म्हणजे रील्सच्या आड आलेली भिंत होते. मी म्हणेन वाचन आणि फोन यांच्यात निदान जेवणाचं अंतर ठेवा.

अर्धविराम

दोन्ही बाजूंनी मुलं सुधारलेली आणि न सुधारलेली पाहिली आहेत. मला यावर ठाम उत्तर नाही. बक्षीस द्यायचंच असेल तर मिनिटांना न देता, न पाहता लिहिलेल्या त्या एका ओळीला द्या. निदान घड्याळाकडे बघून ते मिळणार नाही.

यंत्रमित्र

फोनपुरतं सांगतो, कारण बरेच पालक इथे फसतात. अँड्रॉइडवर `Settings` मध्ये `Digital Wellbeing & parental controls` आहे. तिथे प्रत्येक अ‍ॅपला रोजची मर्यादा घालता येते. वेळ संपला की अ‍ॅप करडं होतं आणि उघडत नाही.

पण तीन गोष्टी लक्षात घ्या. मुलाच्याच फोनवर लावलेली मर्यादा मूल स्वतः काढू शकतं. ती आईवडिलांच्या हातात हवी असेल तर `Family Link` वापरावं लागतं. दुसरं, ही मर्यादा मध्यरात्री नव्याने सुरू होते. साडेअकराला वेळ संपलेलं मूल बाराला पुन्हा पाहू लागतं, झोप बुडते, आणि सकाळच्या वाचनाचं जे व्हायचं ते होतं. म्हणून मर्यादेसोबत रात्रीची बंदीही लावा. तिसरं, यूट्यूबवर लावलेली ही मर्यादा पूर्ण अ‍ॅपला लागते. गणिताचा व्हिडिओ आणि शॉर्ट्स यांत ती फरक करत नाही. अभ्यासाचे व्हिडिओ घरातल्या संगणकावर किंवा टीव्हीवर पाहायला लावले तर हा गुंता सुटतो.

पानखूण

चार आठवड्यांनी परत आले. नवा मजकूर, तेवढाच लांब, या वेळी माळढोक पक्ष्यावर.

"क" : 600, 590, 520, 310. फुली फक्त चौथ्या घंटीला. घरी चौदा मिनिटांपर्यंत पोचली आहे. रील्सचा एकूण वेळ मात्र तेवढाच आहे, फक्त वाचनाच्या सुट्टीतून आणि झोपेच्या वेळेतून त्या गेल्या.

"ख" : 345, 350, 335, 330. मोठ्याने मिनिटाला 74 शब्द, 4 चुका. पाचपैकी पाच उत्तरं बरोबर. तिच्या वर्गशिक्षकांना दोन्ही कागद दाखवले. त्यांनी तिला पुढच्या बाकावर बसवलंय आणि मोठ्याने वाचायला वर्गासमोर उभं करत नाहीत.

"ग" चं कळत नाही. समासात गोल असले की आठपैकी पाच उत्तरं बरोबर येतात. गोल काढले की पुन्हा तोच वेग आणि उत्तरं तीन.

तारतम्य

"क" ची सुधारणा खरी असेल, पण भूकंपापेक्षा पक्ष्याचा मजकूर सोपा असू शकतो. ताडून बघायचं असेल तर वर्गातल्या ज्या मुलांना काहीच वेगळं दिलं नाही, त्यांचे दोन्ही वेळचे आकडे शेजारी ठेवा. त्यांचीही घसरण तेवढीच कमी झाली असेल तर श्रेय मजकुराचं.

कोल्हापुरी_मास्तर

"ग" बद्दल माझं म्हणणं तेच. आठ वर्षं हुडकून वाचायला शिकवलं, ते चार आठवड्यांत कसं सुटेल? गोल एकदम काढू नका. आधी 300 ऐवजी 500 शब्दांवर न्या, मग पानाच्या शेवटी, मग गोल कुठे घालायचा हे त्यालाच ठरवू द्या.

ताई, एक शंका सुरुवातीपासून आहे. दर पाच मिनिटांनी घंटी म्हणजे तुम्ही स्वतःच मुलांचं वाचन तोडताय ना? जे मोजायचंय तेच बिघडत असेल.

अर्धविराम

मास्तरांची शंका रास्त आहे. नेमाने पाच मिनिटांनी वाजणाऱ्या घंटीची मुलं वाट बघू लागतात, आणि घंटीच्या आधी काही क्षण सावध होतात. फुल्या त्यामुळे कमी पडतात. अंतर बदलतं ठेवा : चार मिनिटं, मग सात, मग तीन, मग सहा. एकूण वीसच होतात. शब्द मोजताना मात्र त्या त्या मिनिटांनी भागून वेग काढावा लागेल.

पानखूण

तारतम्य, बाकी मुलांचे कागद जपून ठेवलेत, ते मोजते. मास्तर, "ग" ला पुढच्या तासाला 500 शब्दांवर गोल देते. सर, शनिवारपासून घंटी चार, सात, तीन, सहा. मजकूर पुन्हा भूकंपाएवढ्याच अवघड पातळीचा हवा, 1993 च्या किल्लारीवर लिहायला घेतलाय. "ख" ने विचारलंय की तिला या वेळी पूर्ण सहा पानं मिळतील का. वेळेची अट न घालता देणार आहे.